राहिलेल्या बारा हजारांचा मेसेज

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, अडखळलेलं तेवढं काढलंय.)

मोडनिंबवरनं बोलतोय. पुणे–सोलापूर हायवेला टेंभुर्णी सोडली की मोहोळच्या आधी लागतं ते आमचं गाव. मागं ट्रकचा आवाज आला तर समजून घ्या. खिडकी लावली की उकडतं.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सुचवलाय. मित्राला उसने पैसे दिले, तो परत देईना, मागायची लाज वाटते, मग मेसेज कसा करायचा? आता मी काही सल्लागार नाही. पण असा मेसेज मी स्वतः केलाय. त्याच्याआधी तीन वाईट मेसेज लिहून खोडलेत, आणि एक चूक तर अशी केली की ती खोडताही आली नाही. तेच सांगतो. मित्राचं नाव सांगणार नाही. गावातले ओळखतील, त्यांनी गप्प बसावं.

झालं असं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. विहिरीवरची मोटर जळालेली. मोटर भरून घ्यायची, केबल बदलायची, स्टार्टरचंही काम होतं. ऊस उभा, पाणी थांबलं तर वजन जाणार. पंधरा हजार मागितले. मी दुकानाच्या खात्यातनं तिथल्या तिथं टाकले. तो म्हणाला, “ऊस गेला की पहिलं तुझं बघतो.” मी म्हणालो, “असू दे रे.”

हे “असू दे रे” लक्षात ठेवा. आपल्याकडं पैसे देताना तारीख बोलायची पद्धत नाही. तारीख विचारली की आपण सावकार झाल्यासारखं वाटतं. मग “ऊस गेला की”, “दिवाळीला”, “तेवढं मोकळं झालो की”, अशा तारखा असतात. देणाऱ्याच्या डोक्यात त्याची एक तारीख होते, घेणाऱ्याच्या डोक्यात दुसरी. पुढची सगळी भानगड इथंच सुरू होते. कुणाची नियत खराब असते म्हणून नाही.

जानेवारीत त्याचा ऊस गेला. त्यानं तीन हजार टाकले. राहिले बारा. मी म्हटलं, बिल यायचं असेल. कायदा सांगतो की ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते १४ दिवस कसे असतात ते वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये त्याच्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, चौकातच. मी रोज दुकानाला जाताना तो फ्लेक्स बघायचो आणि पोराच्या फोटोऐवजी मला फ्लेक्सचा खर्च दिसायचा. केवढ्याचा असेल, हजार? दीड हजार? मित्राच्या पोराच्या वाढदिवसाला आपण असला हिशोब करतोय, हे कळत होतं. थांबत नव्हतं.

आणि मग मी ती चूक केली. स्टेटस ठेवला. “वेळेला धावून जाणाऱ्यालाच लोक आधी विसरतात.” मागं मावळत्या सूर्याचा फोटो.

स्टेटस ठेवला की कुणी कुणी बघितला ते दिसतं. तासाभरात त्याचं नाव आलं. म्हणजे निशाणा बसला. पण त्याच्या वर-खाली आणखी दीडशे नावं होती. माझा मामा होता. त्याचा मेहुणा होता. दोघांनी विचारलं, “कुणाला रे?” मी लिहिलं, “असंच.” पुढचे अडीच आठवडे तो स्टँडजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर आला नाही. रोज येणारा माणूस.

स्टेटसची गंमत अशी आहे की त्यानं मागितलं काहीच जात नाही. आकडा नाही, तारीख नाही, उत्तर द्यायला जागा नाही. समोरच्याला फक्त एवढं कळतं की आपला हा मित्र आपल्याबद्दल चारचौघांत बोलायला तयार आहे. पैसे द्यायचे होते त्यालाही मग वाटतं, आता दिले तर स्टेटसला घाबरून दिले असं होईल.

खरं काय होतं ते मला एप्रिल लागताना कळलं, तेही दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा. विकास सोसायटीचं पीककर्ज असलं की वसुली बऱ्याचदा ऊसबिलातनंच होते. कारखान्याकडनंच कापून जातं, हातात उरलेलं येतं. त्याचं दोन वर्षांचं थकलेलं होतं, ते सगळं एकदम गेलं. मला वाटत होतं ऊस गेला म्हणजे पैसा आला. ऊस गेला होता, पैसा आलाच नव्हता. आणि फ्लेक्स? तो त्याच्या मेहुण्यानं लावलेला. माझं स्टेटस बघितलेला तोच मेहुणा.

म्हणून पहिलं काम मेसेज लिहायचं नाही. पहिलं काम म्हणजे त्याच्याकडं पैसा कुठनं येतो आणि कधी येतो हे आठवायचं. माझ्या मित्राकडं ऊस वर्षातनं एकदा, पण दोन जर्सी गाई आहेत. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, पेंडीचे पैसे कापून. म्हणजे बारा हजार एकदम त्याच्याकडं कधीच नसणार, पण दर दहा दिवसांनी हजार असू शकतात. हे डोक्यात आल्यावर माझा मेसेजच बदलला. आधीच्या तिन्ही मेसेजमध्ये मी त्याच्याकडं नसलेलीच गोष्ट मागत होतो.

तुमचा मित्र चाकणला कंपनीत असेल तर त्याची सात तारीख बघा. गाडी चालवत असेल तर हप्त्याची तारीख टाळा. आणि मेसेज पगाराच्या दुसऱ्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी करा. पगार झाल्यावर त्या पैशाला वाटा फुटलेल्या असतात. आधी कळलं तर त्या वाटांत तुमचीही एक धरली जाते.

आता भाषेकडं येतो. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझा खोडलेला पहिला मेसेज असा होता: “काय रे, विसरलास का?” साधा वाटतो ना? पण तो वाचणाऱ्याच्या जागी बसा. “हो, विसरलो” म्हणायचं, तर खोटं बोलायचं. कारण उसने घेतलेले पैसे कुणी विसरत नाही, उलट तुमचं नाव फोनवर दिसलं की पहिलं तेच आठवतं. “नाही विसरलो” म्हणायचं, तर मग मुद्दाम दिले नाहीत असं होतं. चार शब्दांत त्याला दोन्हीकडनं कोंडलं.

दुसरा होता: “तू ऊस गेल्यावर देणार होतास ना?” इथला तो “ना” बघा. मराठीत हा “ना” लाडाचाही असतो आणि पकडायचाही असतो. समोर बसून बोललं तर आवाजावरनं कळतं. लिहिलेल्या “ना”ला आवाज नसतो, आणि ज्याच्या मनात आधीच खटका आहे तो पकडायचाच “ना” वाचतो. “होतास” पण तसंच. म्हणजे तू बोलला होतास, आणि फिरलास.

तिसरा: “माझे बारा हजार तुझ्याकडं अडकलेत.” हा मला बरा वाटला होता, कारण यात “तू दिले नाहीस” असं नव्हतं. पण “अडकलेत” हा शब्द आपण कुणासाठी वापरतो? बुडीत निघालेल्या भिशीसाठी. पळून गेलेल्या एजंटासाठी. मित्राला तो शब्द लावला की त्याला त्या रांगेत उभं केलं.

मग काय लिहायचं? आपल्या भाषेत एक सोय आहे. माणसाला वाक्याच्या बाहेर ठेवून पैशालाच पुढं करता येतं. “तू बारा हजार दिले नाहीस” आणि “बारा हजार राहिलेत”. आकडा तोच, पण दुसऱ्या वाक्यात कुणी काही चुकवलेलं नाही. पैसे राहिलेत, जसं काम राहतं, जेवण राहतं. आणि “अजून” हा शब्द काढा. “अजून राहिलेत” म्हटलं की परत बोट दाखवलंच.

दुसरी सोय म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. “देशील का?”, “जमेल का?” असं विचारलं की उत्तर येतं “हो, देतो की”. झालं, परत तुम्ही नोव्हेंबरातच उभे. मी विचारलं, “कितीचं न् कधीचं धरू?” धरू, म्हणजे मी माझा हिशोब लावतोय, त्यात तुझा आकडा किती लिहू. हा वसुलीचा प्रश्न राहत नाही. आणि त्याला “हो” असं नुसतं उत्तर देताच येत नाही. आकडाच द्यावा लागतो, भले तो छोटा असेल.

आता मेसेज वाचून दाखवतो. जसाच्या तसा:

“भावा, जरा व्यवहाराचं बोलायचंय. घाई नाही, निवांत असशील तेव्हा वाच. मोटरीच्या वेळच्या १५,००० मधले ३,००० आले, १२,००० राहिलेत. जूनमध्ये बहिणीची फी भरायचीय, तोवर ६,००० झाले तर माझं काम होतं. बाकीचे नंतर. एकदम नको, दुधाच्या पगारातनं थोडे थोडे चालतील. मी हिशोब लावतोय, कितीचं न् कधीचं धरू तेवढं सांग. आणि मार्चमधला तो स्टेटस माझा चुकला. चहाला ये.”

पहिल्या ओळीत पैशाचा आकडा नाही, ते मुद्दाम. फोन बंद असला तरी स्क्रीनवर मेसेजची सुरुवात दिसते. त्याचा फोन घरात चार्जिंगला असतो, पोरगं त्यावर गेम खेळतं, बायको फोन उचलून देते. बारा हजाराचं घरात माहीत आहे की नाही, मला माहीत नव्हतं. आणि “कसा आहेस, घरचे बरे का” अशीही सुरुवात केली नाही. चार महिने न विचारणारा माणूस एकदम तब्येत विचारायला लागला की समोरचा ओळखतो. त्यानं “मजेत” लिहायचं आणि मग आपण पैशाचं काढायचं, म्हणजे गळ टाकल्यासारखं होतं.

बहिणीच्या फीचं खरं होतं. नसतं तर लिहिलं नसतं. कारण दिलंच पाहिजे असं नाही, पैसे तुमचे आहेत. पण दवाखाना, ऑपरेशन असली खोटी कारणं देऊ नका. मोडनिंबएवढ्या गावात सकाळी कुणाला ऑपरेशन सांगितलं तर संध्याकाळी माणसं फळं घेऊन घरी येतात.

सोसायटीचं कापून गेलं हे मला कळलं होतं, पण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्याला दिसलं असतं की लोक आपल्याबद्दल बोलतायत आणि हा ऐकतोय. फक्त “एकदम नको” लिहिलं. समजायचं ते समजतं.

व्हॉइस नोट का नाही, असं कुणीतरी विचारणारच. आवाजात माया असते, खरंय. पण आपल्याकडं माणसं व्हॉइस नोट स्पीकरवर ऐकतात, टपरीवर, डेअरीत रांगेत. तुमचा मायेचा आवाज डेअरीत कॅन घेऊन उभे असलेले सगळे ऐकणार. फोन केला तर? फोनवर त्याला लगेच उत्तर द्यावं लागतं. लगेच दिलेलं उत्तर म्हणजे “उद्या बघतो”. मेसेजला तो रात्री गोठ्यात बसून विचार करू शकतो.

एकानं मला सुचवलेलं, सरळ ॲपवरनं पैशाची रिक्वेस्ट पाठव. मी नाही पाठवली. नुसता आकडा आणि “पे” असं बटण, त्यात मित्र कुठंच नाही. आता तर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर अशी रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद झाली, फसवणूक फार व्हायची म्हणून. त्याच कारणासाठी नवा क्यूआर किंवा नवा नंबरही पाठवू नका. त्याला वाटेल तुमचा फोनच हॅक झालाय. “नंबर तोच” एवढं पुरतं.

आणि वेळ. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलंय की कर्जवसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. आपण मित्र, आपण रात्री साडेअकराला लिहितो. का? कारण तेव्हा झोप येत नसते आणि तेच डोक्यात फिरत असतं. रात्री लिहा हवं तर, पण पाठवू नका. पाठवून डिलीट केलं तरी डिलीट केल्याची खूण मागं राहते, आणि त्या खुणेचा अर्थ तो स्वतः लावतो. मी सकाळी दहाला पाठवला. धारा काढून झालेल्या, डेअरीवरनं परत आलेला.

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस. या दोन दिवसांत मी परत काही लिहिलं नाही, “?” असंही नाही. ते एकटं प्रश्नचिन्ह म्हणजे तर अंगावर ओरडणंच. मनाशी ठरवलेलं की एक दुधाचा पगार होईपर्यंत थांबायचं, मग समोर जाऊन बसायचं. दुसरा मेसेज लिहायचा नाही, कारण उत्तर न दिलेल्या मेसेजखाली दुसरा मेसेज आला की त्याला उत्तर देणं आणखी अवघड होतं.

तिसऱ्या दिवशी आलं. “लका मीच तोंड चुकवत हुतो. दर पगाराला १००० टाकतो. चालल का?” मी लिहिलं, “पळतंय.” बास.

एप्रिलमध्ये तीन आले, मेमध्ये तीन. सहा हजार झाले, फी भरली. मी मात्र इथं एक शहाणपणा करायला गेलो. प्रत्येक वेळी लिहायचो, “मिळाले. ११ राहिले.” “मिळाले. १० राहिले.” मला वाटलं हिशोब चोख राहतो. चौथ्या वेळी तो म्हणाला, “लका, दर टायमाला किती राहिलं ते सांगू नको. डोक्यावर उभा राहिल्यासारखं वाटतं.” बरोबर होतं त्याचं. यूपीआयला नोंद राहतेच. त्यानंतर फक्त “मिळाले”.

जूनमध्ये तिन्ही आले. जुलैत एक आला आणि मग एका गाईला दगडी झाली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कासेचा आजार, दूध बसतं. दोन पगार काहीच आलं नाही. त्यानं स्वतःहून सांगितलं नाही, मला डेअरीवर कळलं. मी एवढंच पाठवलं, “आधी गाय बघ. तिचं झालं की पुढचं धरतो.” हे मी मनाचा मोठेपणा म्हणून लिहिलं असं समजू नका. लिहिलं नसतं तर तो परत टपरी बदलणार, एवढं मला आता कळत होतं. हप्ता चुकला की माणूस पैशापेक्षा आधी आपल्याला चुकवायला लागतो.

आता हा प्रकार कुठं चालत नाही तेही सांगतो. रक्कम लाखात असेल, किंवा तो मित्र सगळीकडंच उसने करून बसला असेल, तर असल्या मेसेजनं काही होत नाही. समोर बसून कागदावर लिहून घ्या. उसन्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पैसे दिले त्या दिवसापासून. ती संपायच्या आत घेणाऱ्यानं सही करून लिहून दिलं की एवढे देणं आहे, तर तिथनं मुदत नव्यानं सुरू होते. नुसता व्हॉट्सॲपवरचा “हो देतो” त्यात धरला जाईल का, हे वकिलाला विचारा, माझ्यावर विसंबू नका. म्हणून मेसेजमध्ये आकडा स्पष्ट लिहायचा. भांडणासाठी नाही, पण दोन वर्षांनी बारा होते की दहा यावर वाद नको. आणि व्याज मागू नका, चिडून सुद्धा. परवाना नसताना व्याजानं पैसे द्यायचा धंदा करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१४ चा कायदा आहे. तुमचा धंदा नसेलही, पण व्याज शब्द आला की मित्र म्हणून बोलायचं संपलं.

आणि एक राहिलं. मध्ये तिसऱ्याला घालू नका. “तू जरा त्याला सांग की” असं मी आमच्या एका दोस्ताला सांगणार होतो. बरं झालं तो तेव्हा पुण्याला होता.

तर दहा हजार आले. राहिले दोन. परवा तो टपरीवर आला, बसला, गाडीची चावी टेबलावर ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “दोन हायत, ध्यानात हाय माझ्या. गाय व्याली की देतू.” मी विचारलं, “कधी व्यायची?” तो हसायला लागला. म्हणाला, “कधीचं धरतूस?”

दोन कटिंग सांगितले. पैसे त्यानं दिले.